तलाठी अहवाल प्राप्त करून घ्यावा

महसूल खात्यात 33 वर्षं काढली. लिपिक म्हणून लागले, मग अव्वल कारकून, आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. तेवढ्या काळात किती तहसीलदार आले आणि गेले, आता नीट मोजताही येत नाही. पण त्यातल्या निम्म्यांनी तरी पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतं, "मॅडम, हे सगळं बदलायला पाहिजे." सहा महिन्यांनी तेच साहेब तीच शेरेबाजी करत होते, जी त्यांच्या आधीचे करायचे.

लोक म्हणतात, खुर्ची मिळाली की माणूस बिघडतो. पैसा दिसला की बिघडतो. पैशाचं मी नाकारत नाही, तेवढी भाबडी मी नाही. पण एक रुपयाही न घेणारे साहेब त्याच वळणावर गेलेले मी पाहिलेत. आणि त्यांना त्या वळणावर आणणाऱ्यांत मी स्वतः होते. म्हणून हे लिहितेय. अधिकाऱ्यांच्या बाजूनं पुष्कळ लिहिलं जातं, कारकुनाच्या टेबलावरून कुणी लिहीत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. नवा अधिकारी येतो तेव्हा त्याच्याकडे कायदा असतो, अधिकार असतो, उत्साह असतो. नसते ती माहिती. कोणत्या गावात कुणाचा वाद चालू आहे, कोणती फाईल हात लावली की भडकते, वरच्या कार्यालयाला काय खटकतं, हे सगळं आमच्या डोक्यात असतं. चार्ज घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे साठ-सत्तर फाईली येतात. एकेक फाईल मुळातून वाचायची म्हटली तर आठवडा जाईल, आणि बाहेर माणसं उभी असतात. मग तो काय करतो? टिपणीचा शेवटचा परिच्छेद वाचतो. तो परिच्छेद आम्ही लिहिलेला असतो. "सबब, तलाठी यांचा अहवाल प्राप्त करून घ्यावा किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर."

हे "किंवा कसे" मोठं गोड प्रकरण आहे. वाटतं, निर्णय साहेबांवर सोडलाय. प्रत्यक्षात पर्याय एकच लिहिलेला असतो. दुसरा हवा असेल तर साहेबांनी तो स्वतःच्या हातानं लिहायचा, स्वतःच्या जबाबदारीवर. पहिल्या आठवड्यात कोण लिहील? सही होते. अशा चाळीस सह्या झाल्या की त्या सवयीत साहेबांचा स्वतःचा वाटा तयार झालेला असतो. आता ती पद्धत चुकीची म्हणायची तर आधी स्वतःच्या चाळीस सह्या चुकीच्या म्हणाव्या लागतील.

आता एक प्रकरण सांगते, म्हणजे नेमकं काय होतं ते दिसेल.

सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं तेव्हा हस्तलिखितावरून आकडे उतरवताना चुका झाल्या. कुणाचं नाव चुकलं, कुणाचं क्षेत्र. अशी लेखनातली चूक दुरुस्त करायची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 मध्ये आहे, आणि ते अधिकार तालुक्याला तहसीलदार वापरतात. एक अर्ज आला. गटाचं एकूण क्षेत्र 1.62 हेक्टर, दोन भाऊ, हस्तलिखितावर दोघांना 0.81 आणि 0.81. संगणकाच्या उताऱ्यावर एकाला 0.81 आणि दुसऱ्याला 0.18. बेरीज होते 0.99. वरच्या ओळीत एकूण क्षेत्र मात्र 1.62 च. म्हणजे 63 आर जमीन कागदावरून गायब. चौथीतल्या पोराला दाखवलं तरी तो सांगेल की आकडे उलटे पडलेत.

आमच्याकडे या अर्जाचं काय व्हायचं? बारनिशीत आवक नंबर पडायचा. माझ्या टेबलावर यायला दोन-तीन दिवस. सहाव्या दिवशी मी टिपणी टाकायचे, तलाठ्याचा अहवाल मागवावा. पत्र मंडळ अधिकाऱ्यामार्फत तलाठ्याकडे जायचं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेव्हा तलाठीच म्हणायचे). तलाठ्याकडे चार गावं, वर कधी निवडणूक, कधी पंचनामे. अहवाल महिन्यानं यायचा. त्यात लिहिलेलं असायचं, "अर्जदाराचे म्हणणे खरे दिसते." मग आमच्या लक्षात यायचं की अर्जाला जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल जोडलेली नाही. त्रुटीचं पत्र अर्जदाराला. अर्जदार नकलेसाठी अर्ज करायचा. कुठे? आमच्याच कार्यालयात, आमच्याच अभिलेख कक्षाच्या खिडकीवर. माझ्या टेबलापासून ती खिडकी चौदा पावलांवर होती.

हे सगळं होऊन मग दुसऱ्या भावाला नोटीस, जबाब, आदेश. सहा-सात महिने आरामात जायचे.

एक साहेब आले. सरळ सेवेतून निवडलेले, परिविक्षाधीन, वय सत्तावीस असेल. अशीच एक फाईल त्यांनी उघडली आणि शेवटचा परिच्छेद न वाचता अर्ज वाचला. मला बोलावलं. "मॅडम, जुना सातबारा आपल्याच रेकॉर्ड रूममध्ये आहे ना?"

"हो साहेब."

"मग तो आपण अर्जदाराकडून का मागतोय?"

मी म्हटलं, "साहेब, पहिल्यापासून तसंच आहे." आणि आधीच्या साहेबांच्या सहीची एक निकाली फाईल पुढे ठेवली. आमच्याकडचं हे सगळ्यात मोठं शस्त्र. त्याच प्रकारच्या प्रकरणात आधी कुणी काय केलं ते दाखवायचं. वाद घालायचा नाही, नाही म्हणायचं नाही, फक्त जुनी फाईल दाखवायची.

हे साहेब बधले नाहीत. त्यांनी फाईलवर स्वतःच्या हातानं लिहिलं की जुना अभिलेख संबंधित लिपिकानं स्वतः काढून पाहावा, बेरजेवरून चूक उघड असेल तिथे तलाठी अहवालाची गरज नाही, खातेदारांना नोटीस देऊन प्रकरण सुनावणीला ठेवावं. तीन आठवड्यांत पहिला आदेश निघाला. त्या पद्धतीनं अकरा प्रकरणं निघाली. खरं सांगते, मला आधी राग आला होता, माझं काम वाढलं होतं. पण पाचव्या-सहाव्या प्रकरणानंतर मलाही बरं वाटायला लागलं.

बारावं प्रकरण आडवं आलं. एका खातेदाराच्या नावे हस्तलिखितावर 0.40, संगणकावर 0.04. गटाची बेरीज लागत नव्हती. पाहिल्याबरोबर वाटावं, इथे पण आकडा उलटा पडलाय. नोटिसा गेल्या, कुणी हरकत घेतली नाही, 0.40 चा आदेश झाला. महिन्याभरात प्रांत कार्यालयात अपील. त्या खातेदारानं मधल्या काळात 36 आर जमीन विकली होती. फेरफार मंजूरही झाला होता, पण खरेदीदाराचं नाव सातबाऱ्यावर चढायचं राहून गेलं होतं. म्हणजे 0.04 बरोबरच होतं. चूक होती ती खरेदीदाराची ओळ गायब असण्यात. त्याचं नावच उताऱ्यावर नाही, तर त्याला नोटीस जाणार कशी?

तलाठ्याचा अहवाल मागवला असता तर त्यानं फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना 6, पाहिली असती आणि हे कळलं असतं. निदान कळण्याची शक्यता होती. तेव्हा तलाठी अहवाल ही निव्वळ टोलवाटोलवी होती असं मी म्हणणार नाही. त्या सवयीच्या पोटात एक खरं कारण होतं.

आदेश रद्द झाला, प्रकरण फेरचौकशीला आलं. त्यात गैर काहीच नाही, अपील असतं त्यासाठीच. पण सोबत एक पत्र आलं: तलाठी अहवाल न घेता आदेश का पारित केला, याचा खुलासा सादर करावा.

या पत्रानं सगळं फिरलं. वास्तविक उपाय एका ओळीचा होता. आदेशापूर्वी त्या गटाचे नमुना 6 मधले फेरफार तपासावेत, एवढं वाढवलं असतं तर साहेबांची पद्धत पहिल्यापेक्षा पक्की झाली असती. ते साहेबांनाही कळत होतं. पण माणूस परिविक्षेवर होता. ज्या कार्यालयाच्या अभिप्रायावर नोकरी कायम होणार, त्याच कार्यालयाचं खुलाशाचं पत्र हातात होतं. त्या संध्याकाळी कलम 155 च्या जेवढ्या फाईली त्यांच्या टेबलावर होत्या, त्या सगळ्यांवर त्यांनी एकच शेरा मारला. "तलाठी अहवाल प्राप्त करून घ्यावा."

अकरा माणसांचं काम लवकर झालं, त्याबद्दल त्यांना कुणी पत्र पाठवलं नाही. पाठवणार कोण? सहा महिने वाचले हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं? केलेल्या कामातली चूक फाईलवर दिसते, तिच्यावर नाव असतं, तारीख असते. न केलेल्या कामाचं नुकसान अर्जदाराच्या घरी होतं. त्यावर कुणाची सही नसते. नवा अधिकारी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकत नाही, अशा एखाद्या पत्रातून शिकतो, आणि एकदाच शिकतो.

माझ्या बाजूचंही सांगते. मी जुनी फाईल का दाखवली? कामचुकारपणा? थोडा असेल. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. साहेबांचा पदावधी कायद्यानं तीन वर्षांचा, आणि तोही पुरा होईल याची खात्री नसते. कारकुनाला त्याच कायद्यात दोन पदावधी, म्हणजे सहा वर्षं. चौकशी लागते ती दोन-तीन वर्षांनी. तोवर साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात आणि "टिपणी कोणी सादर केली?" या प्रश्नाला उत्तर द्यायला मी तिथेच बसलेली असते. माझ्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्याला एका नकलेपायी विभागीय चौकशीला सामोरं जावं लागलं होतं. अर्जदारानं जोडलेली साधी झेरॉक्स खरी धरली, ती बनावट निघाली. त्यानंतर आमच्याकडे प्रमाणित नकलेशिवाय फाईल पुढे सरकायची बंद झाली. कार्यालयात मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक जादा कागदामागे असा एखादा पोळलेला माणूस असतो. गंमत अशी की तो माणूस निवृत्त होतो, वारतो, पण कागद मागायचा थांबत नाही. मूळ रेकॉर्ड चौदा पावलांवर असताना प्रमाणित नक्कल कशाला, हा प्रश्न मलाही पडला नव्हता. नक्कल खोटी निघण्याचा धोका होता, तो मूळ कागद पाहण्यात नव्हताच की.

प्रतिज्ञापत्राचं पाहा. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 साली माफ झालं. तरी पुढे किती वर्षं दाखल्यांसाठी आलेल्या माणसाला "शंभराचा स्टॅम्प आणा" सांगितलं जात होतं, ते वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आठवत असेल. त्यात आमचा काही फायदा नव्हता. साधा कागद फाईलला लावला आणि उद्या कुणी विचारलं तर काय, एवढीच धास्ती. आदेश वरून येतो, धास्ती टेबलावर बसलेली असते.

मग नियम नाहीत का? भरपूर आहेत. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध असा महाराष्ट्राचा 2005 चा कायदा आहे. सर्वसाधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलंय. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय. आता वरच्या 0.18 च्या प्रकरणाकडे परत बघा. माझ्याकडे फाईल सहा दिवस होती. साहेबांकडे दोन दिवस. पत्र गेलं की फाईल "प्रतीक्षाधीन" गठ्ठ्यात. अहवाल आला की पुन्हा पाच दिवस, मग त्रुटी, पुन्हा प्रतीक्षाधीन. सात दिवसांचा नियम कुणीही, कधीही मोडला नाही, आणि माणूस सात महिने हेलपाटे घालत राहिला. आमचा सोमवारचा गोषवारा स्वच्छ असायचा. सात दिवस मोजणं सोपं होतं, कारण ते टेबलाचे होते. पंचेचाळीस दिवस अर्जाचे होते, ते आमच्याकडे कुणी मोजत नव्हतं. त्रुटीचं पत्र हा घड्याळ थांबवायचा सगळ्यात सोपा मार्ग, आणि सहा त्रुटी एकदम कळवण्यापेक्षा एकेक कळवली तर घड्याळ सहा वेळा थांबतं. हे कुणी कट करून केलं असं समजू नका. जे मोजलं जातं ते सांभाळायची सवय लागते, इतकंच.

सहा गठ्ठे पद्धतीचंही तेच झालं. अहमदनगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी असताना 1980 च्या दशकात त्यांनी कार्यालयीन सुधारणांचा जो पॅटर्न उभा केला, त्यातली ही पद्धत. फार शहाणपणाची. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे असे सहा गठ्ठे प्रत्येक टेबलावर. कुठला कागद कुठे आहे ते कारकून रजेवर असला तरी सापडावं. आमच्याकडे दप्तर तपासणीची तारीख कळली की दोन रात्री जागून गठ्ठे बांधायचे. नवं कापड, नव्या चिठ्ठ्या. तपासणी झाली की चौथ्या दिवशी सगळं पूर्ववत. एका नवीन साहेबांनी आल्या आल्या गठ्ठे पाहिले आणि म्हणाले, "वा, इथलं दप्तर छान आहे." तपासणी आदल्या आठवड्यात झाली होती. मी काही बोलले नाही.

पण बदल घडवलेल्या एक बाईसाहेबही मी पाहिल्या. त्यांनी भाषण केलं नाही, पहिले दोन महिने तर काहीच केलं नाही. नुसतं माझ्या शेजारी खुर्ची टाकून अर्धा-अर्धा तास बसायच्या आणि विचारायच्या, "हा कागद नसला तर तुम्हाला काय त्रास होईल?" का लागतो असं नाही विचारलं कधी. तुम्हाला काय त्रास होईल, असं विचारायच्या. मी तो नकलेचा किस्सा त्यांना सांगितला, बाराव्या प्रकरणाचाही सांगितला.

मग त्यांनी अर्ध्या पानाचा एक छापील तक्ता केला. गटाची बेरीज लागते का? मूळ हस्तलिखितावर काय आहे, आणि ते कुणी, कोणत्या तारखेला स्वतः पाहिलं? हस्तलिखिताच्या वर्षापासून आजपर्यंत या गटावर कोणकोणते फेरफार झाले, त्यांचे नंबर? पहिले दोन रकाने मी भरायचे. तिसऱ्यासाठी तलाठ्याला पत्र नाही. तलाठी आठवड्याच्या बैठकीला येतात तेव्हा नोंदवही घेऊन यायचं आणि माझ्यासमोर भरून सही करायची. हा तक्ता त्यांनी आधी प्रांतांना नेऊन दाखवला, चर्चा केली आणि लेखी संमती घेऊन आल्या. ते पत्र माझ्या स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात पहिल्या पानावर लावलं. म्हणाल्या, "उद्या कुणी विचारलं तर हे दाखवा."

प्रकरणं पाच-सहा आठवड्यांत निघायला लागली. बाईसाहेबांची अडीच वर्षांत बदली झाली. त्यांच्यामागून आलेल्या साहेबांना मी काय दाखवलं असेल? जुनी फाईल. फक्त आता जुन्या फाईलीत तो तक्ता होता. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि सही केली. सवय लावणारी यंत्रणा तीच होती, तीच आता चांगल्या सवयीच्या कामी आली. तक्ता टिकला कारण तो मला सोयीचा होता, त्यात माझी मान सुरक्षित होती. बाईसाहेब मोठ्या मनाच्या होत्या म्हणून टिकला असं मला वाटत नाही, जरी त्या होत्या.

सगळं असं जमत नाही हेही खरं. जिथे उशिरातून कुणाला पैसे मिळतात तिथे तक्ता दोन दिवस टिकणार नाही. तो रोग वेगळा, त्यावर औषध वेगळं. मी बोलतेय ते न घेणाऱ्यांबद्दल, आणि खात्यात ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहेत.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा दप्तर तपासणी लागली. तपासणीला प्रांत म्हणून आले ते आमचे परिविक्षाधीन साहेब. केस थोडे पिकलेले, चष्मा लागलेला. मला ओळखलं, चौकशी केली, बसायला खुर्ची दिली. मग कलम 155 ची एक फाईल उघडली. तक्ता वरून खाली वाचला, पान उलटून मागे पाहिलं, आणि हिरव्या शाईनं समासात लिहिलं, "तलाठी यांचा स्वतंत्र अहवाल दिसून येत नाही. पूर्तता करावी."

स्थायी आदेशांचा गठ्ठा माझ्या हातात होता. पहिल्याच पानावर प्रांत कार्यालयाचं संमतीचं पत्र होतं. अभिलेख कक्षात त्यांची अकरा प्रकरणं होती, त्यांच्याच अक्षरातल्या त्या पहिल्या टिपणीसकट. मनात आलं, काढून दाखवावं.

"हो साहेब, पूर्तता करते," मी म्हटलं, आणि तलाठ्याला पत्र टाकलं.